गोपाळसाठी काढलेली तीन पानं

दुपारी करायच्या त्या फोनमधून आपल्याला काय काय मिळू शकतं, हे धम्मशीलेने सकाळी दात घासतानाच मोजून ठेवलं होतं. हो म्हटलं तर गोपाळ मिळत होता. सहा वर्षं ओळखीचा, हसताना आधी खाली बघणारा, तिच्या बोलण्यातला अर्धा भाग न बोलताच समजणारा. त्याच्यासोबत परभणीत दोन खोल्यांचं घर, एखाद्या तपासणी प्रयोगशाळेतली नोकरी, आणि पाथरीच्या त्याच्या घरचा उंबरा कधीतरी ओलांडायला मिळेल अशी आशा मिळत होती. नाही म्हटलं तर इथे जर्मनीत, हानोव्हरमध्ये, शिक्षण संपल्यावर आणखी तीन वर्षं मिळत होती: प्राध्यापिका बाईंनी देऊ केलेली संशोधनाची जागा, खिडकीजवळचं टेबल, ज्वारीच्या पिठावर प्रयोग करायला स्वतःच्या नावाचा एक ओव्हन. बुधवारपर्यंत कळवायचं होतं. दोन्ही बाजू तिला साधारण सारख्याच जड वाटत होत्या. निदान तसं ती स्वतःला सांगत होती, आणि इतक्या वेळा सांगत होती की कुणी बाहेरचा ऐकत असता तर त्याला शंका आली असती. तोंड धुऊन ती आरशात पाहत राहिली. आपला चेहरा निर्णय न झालेल्या माणसासारखा दिसतोय का, हे तिने तपासलं. दिसत होता. तिला बरं वाटलं.

धक्का तसा लहानच होता. आदल्या संध्याकाळी ट्राममध्ये उभी असताना गोपाळचा आवाजी निरोप आला होता, एकवीस सेकंदांचा. एरवी तो मिनिट मिनिटभर बोलायचा. दुकानात कोण आलं, कुणी कोणत्या बियाण्याच्या पिशवीवरून वाद घातला, त्याचे वडील, तात्या, कुणावर चिडले, असं सगळं. पाथरीला बसस्टँडच्या पुढे त्याचं कृषी सेवा केंद्र होतं, आणि अर्धा तालुका तिथं येऊन गप्पा मारून जायचा. या वेळी मात्र त्याने नीट, पाठ करून आल्यासारखं सांगितलं होतं. सोमवारी मानवतचे पाहुणे यायलेत. मुलगी तीच, मागल्या आठवड्यात फोटो धाडला ती, राजेश्री. कुंकू लावून पक्कंच करायचं असं तात्या म्हणायलेत. उद्या संध्याकाळी तात्या अन् मामा बसणार, तेव्हा तुझं काय ते मी सांगून टाकतो, घरातून निघावं लागलं तर निघतो. पण त्याआधी तू एकदा तोंडानं सांग, सप्टेंबरात येतीस म्हणून. साडेसहाला फोन कर. मागून मोटारसायकलचा आवाज, कुणीतरी ‘गोपाळसेठ’ म्हणून हाक मारलेली, आणि निरोप संपला. पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं ते ती विसरली आणि दोन थांबे पुढे गेली. परत चालत येताना बर्फाचा चिखल बुटात शिरला. पाथरीचे साडेसहा म्हणजे इथले दुपारचे दोन. रविवारची दुपार. त्या वेळी या गावात काही म्हणजे काही घडत नाही.

आता एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ती निकिताच्या खोलीत, निकिताच्या टेबलापाशी, निकिताला न विचारता बसली होती. निकिता परभणीचीच, वसमत रोडची; धुण्याचा गठ्ठा घेऊन ती तळघरातल्या यंत्रांकडे गेली होती आणि तिथून कुणाकडे तरी चहाला जाणार होती. तिच्या टेबलावर निळ्या कापडाची नाडीची पिशवी होती आणि पिशवीत टॅरोचा, भविष्य पाहायच्या पत्त्यांचा, कॅट. अठ्ठ्याहत्तर पानं. छप्पन्न लहान, आपल्या पत्त्यांसारखीच चार रंगांची: प्याले, काठ्या, तलवारी, चकत्या. आणि बावीस मोठी, ज्यांवर मृत्यू, सूर्य, न्याय अशी नावं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बावीस या आकड्याशी धम्मशीला थबकली होती. पिंगळीच्या घरी बैठकीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची चौकट होती आणि वयाच्या सातव्या वर्षी तिला त्या ओळीने पाठ होत्या. तिचे वडील, धम्मपाल गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या घरात पंचांग कधी आलं नाही, कुणाची पत्रिका काढली गेली नाही. स्टेशनाबाहेर एक पोपटवाला बसायचा. गुरुजी त्याच्यापुढे मुद्दाम थांबून मुलीला विचारायचे, सांग, पोपटाला वाचता येतं का? पोपटवाला हसायचा आणि म्हणायचा, गुरुजी, त्याला यायचं न्हाई, गिऱ्हाइकाला येतं. प्रतिज्ञांमध्ये पत्त्यांबद्दल काही नव्हतं, हे धम्मशीलेने मनातल्या मनात तपासून घेतलं. मग तिला स्वतःची लाज वाटली, कारण वकिलासारखं कलम शोधायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच गुन्ह्याच्या जागी उभा असतो.

पण पाहून पाहून तिला सगळं येत होतं. गेल्या हिवाळ्यापासून निकिता या टेबलावर कितीजणींची पानं काढायची, आणि धम्मशीला पलंगावर बसून, पुस्तक वाचत असल्याचं दाखवत, पाहायची. पिशवीतून कॅट काढताना नाडीकडची बाजू वर ठेवायची, म्हणजे चित्रांची डोकी वर राहतात. प्रश्न आधी ठरवायचा, तोही हो की नाही असा नाही. ‘तो माझ्यावर प्रेम करतो का’ असं विचारलं की निकिता पानं खाली ठेवायची आणि म्हणायची, अगं, त्याच्या पाठीमागं त्याच्या मनात काय डोकावतीस, तुझं विचार. आणि तीन पानांत पहिलं कशाचं, दुसरं कशाचं, तिसरं कशाचं, हे पानाला हात लावण्याआधी पक्कं करायचं. नाहीतर माणूस पान पाहून जागा ठरवतो. धम्मशीलेने एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: गोपाळ आणि मी. झालेलं. चाललेलं. होणारं. मग तिने कॅट पिसला. निकितासारखाच: एका हातातला गठ्ठा दुसऱ्या हातात वरून थोडाथोडा सोडत, सावकाश, प्रश्न मनात धरून. पण प्रश्नाऐवजी तिच्या मनात आईचं दळण, ट्रामची घंटा, ओव्हनचं दार असलं काहीबाही येत राहिलं. हात थांबावासा वाटला तेव्हा थांबली. डाव्या हाताने कॅटचे तीन भाग केले, शेवटचा आधी उचलून पुन्हा एकावर एक ठेवले. वरची तीन पानं डावीकडून उजवीकडे पालथी मांडली. तिन्हींच्या पाठीवर तीच निळी जाळी. खोलीत हीटरचा बारीक खडखडाट होता. तिला वाटलं, अजून उठता येईल. मग तिने पहिल्या पानाची आपल्याकडची कड दोन बोटांनी उचलली आणि पान पलीकडे टाकलं.

सहा प्याले. उलटे. अंगणात एक मोठा मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला प्याला देतोय, मागे जुनं घर, आणि कोपऱ्यात भाला घेतलेला एक पहारेकरी पाठ करून निघून चाललाय. सगळी माणसं डोक्यावर उभी. फुलं प्याल्यातून सांडायला हवीत पण सांडत नव्हती. पिशवीत एक बारीक पुस्तिका होती, निकिता ती कधी उघडायची नाही. धम्मशीलेने उघडली. प्रत्येक पानाला दोन परिच्छेद होते, एक सुलट्याचा, एक उलट्याचा. सुलटं: बालपण, गाव, जुनं निर्मळ प्रेम. उलटं: भूतकाळाला चिकटून राहणं, आठवण प्रत्यक्षापेक्षा गोड करून ठेवलेली, घर सोडायची वेळ. तिला गोपाळचं रान दिसलं. पाच वर्षांपूर्वीचा माघ, वर्गातली सगळी पोरं-पोरी पाथरीला हुरड्याला गेलेली. आगटीचा धूर अंगाला लागत होता, गोपाळ तळहातावर गरम कणसं चोळून दाणे पाखडत होता आणि पहिली मूठ तिच्यापुढे करत होता, तेही सगळ्यांसमोर, न घाबरता. ही आठवण तिने इतक्या वेळा काढली होती की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण आज पान उलटं असल्यामुळे तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. कोपऱ्यात गोपाळची आई होती, दगडाबाई. त्यांनी सगळ्यांची नावं विचारली होती, गावं विचारली होती, आणि तिला आडनाव विचारलं होतं. ऐकल्यावर त्या रागावल्या नाहीत, दूर सरकल्या नाहीत. उलट लय गोड झाल्या. तिच्या रुमालात चार मुठी हुरडा बांधला, वर तिळाची चटणी दिली, आणि म्हणाल्या, जाय बाई, ऊन लागंल, घरचे वाट बगत असतील. ऊन सगळ्यांनाच लागत होतं. बाकीचे संध्याकाळपर्यंत बसले. ती दुपारच्या जीपने परत निघाली, मांडीवर गरम रुमाल घेऊन. गोपाळ रस्त्यापर्यंत सोडायला आला होता आणि येताना बियाण्याबद्दल बोलत होता. त्याला कळलं होतं की नव्हतं? पाच वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग त्या उत्तराचं तिला काहीतरी करावं लागलं असतं.

दुसरं पान तिने तसंच, आपल्याकडच्या कडेने उचलून पलीकडे टाकलं. दोन प्याले. हेही उलटे. एक पुरुष आणि एक बाई समोरासमोर, हातांत प्याले, दोघांच्या मध्ये काठीला वेढे घातलेले दोन साप आणि वर पंखांचा सिंह. लांब टेकडीवर एक घर. निकिताच्या मैत्रिणींना हे पान आलं की त्या लाजायच्या. पुस्तिकेत उलट्याचा परिच्छेद छोटा होता: तोल गेलेला, एक देतो, दुसरा घेतो, न बोललेलं साचलेलं. कोण देतो आणि कोण घेतो, हे मात्र पुस्तिकेने सांगितलं नव्हतं. धम्मशीला विचार करू लागली, आणि तिला आश्चर्य वाटलं की आपण पटकन स्वतःला देणाऱ्याच्या जागी उभं केलं. खरं तर रोज फोन करायचा तो. इथे नुकतं उजाडत असताना तो जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागे जाऊन बोलायचा, तिकडं भाकर भेटती का, का नुसता पाव चावायलीस, असं विचारायचा. आणि ती उशीवर डोकं ठेवून ऐकायची आणि कधी कधी, आवाज चालू असतानाच, प्रयोगाच्या तक्त्यांचा विचार करायची. महिनाभरापूर्वी संशोधनाची जागा देऊ केली गेली. तिने गोपाळला सांगितलं नव्हतं. आधी म्हटलं होतं, पक्कं झाल्यावर सांगू. मग म्हटलं, त्याच्या बहिणीचं बाळंतपण होऊ दे. मग म्हटलं, आता इतके दिवस झाल्यावर सांगितलं तर आधी का नाही असं विचारेल. साचलेलं म्हणजे हेच असावं. पान उलटं पडून होतं आणि त्या दोघांचे पाय आभाळाकडे होते. धम्मशीलेला पोटाच्या खाली, अगदी आत, काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. तिने त्याला दुःख असं नाव दिलं आणि तिसऱ्या पानाकडे वळली.

चार काठ्या. उलट्या. जमिनीत रोवलेल्या चार उंच काठ्या, त्यांच्यावर फुलांची माळ, मागे वाड्याच्या भिंती, आणि दोघीजणी हातातले गुच्छ उंच धरून सामोऱ्या येतायत. हा सरळ सरळ मांडव होता. पिंगळीच्या कुठल्याही पोराने ओळखला असता. सुलटा असता तर लग्न, घरी परतणं, उंबऱ्यावर स्वागत. उलट्याच्या परिच्छेदात दोन वाक्यं होती. पहिलं असं, की काही जाणकारांच्या मते हे पान उलटं आलं तरी त्याचा अर्थ बदलत नाही, आनंद आनंदच राहतो. दुसरं असं, की इतरांच्या मते सोहळा लांबतो, घरात कुरबुर होते, दारात कुणी घ्यायला येत नाही. धम्मशीलेने दोन्ही वाक्यं वाचली. मग दुसरं पुन्हा वाचलं. मग पुस्तिका मिटली. तीन पानांपैकी तिन्ही उलटी. निकिताच्या टेबलावर एवढ्या दिवसांत तिने एकही उलटं पाहिलं नव्हतं. म्हणजे हे साधं उत्तर नव्हतं, ही तंबी होती, असं तिच्या मनाने घेतलं. अठ्ठ्याहत्तर पानांमधून नेमकी ही तीन, आणि तिन्ही डोक्यावर. कुणीतरी आपल्यासाठी मेहनत घेतली असं वाटलं. पुन्हा पिसावं का, असा विचार आला. पण एका प्रश्नाला दोनदा पानं काढायची नसतात, हा निकिताचा नियम होता, आणि तो नियम पाळायला धम्मशीलेला एकाएकी मोठा उत्साह आला. निकिताचा दुसराही एक नियम होता: पानं काढली की रात्र जाऊ द्यायची, लगेच उठून काही करायचं नाही. तो तिला आठवला तेव्हा दोन वाजायला एक मिनिट होतं. पाकिटावर लिहिलेल्या तीन शब्दांखाली पानं तशीच ठेवून तिने फोन लावला.

त्याने पहिल्या रिंगलाच उचलला. तो गच्चीवर होता. खालून भांड्यांचा आणि टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी म्हशीला ओरडत होतं. तात्या आलेत, मामा पोखर्णीहून निघालेत, एवढ्यात पोचतील, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, थंडी लय हाय का. ती म्हणाली, आहे. तिच्या कानात तिच्याच श्वासाचा आवाज परत येत होता, थोडा उशिराने.

“बोल,” गोपाळ म्हणाला. “काय सांगू आत जाऊन?”

“नको सांगू.”

“नको म्हंजे? आज नको का कधीच नको?”

हा प्रश्न तिने धरला नव्हता. पानांना विचारायच्या प्रश्नाची तिने इतकी तयारी केली होती, आणि माणसाच्या प्रश्नाची काहीच नाही. समोर मांडव उलटा पडला होता. त्यात याचं उत्तर नव्हतं. तिथे लांबतो असं लिहिलं होतं, कधीच असं नव्हतं.

“कधीच नको,” ती म्हणाली.

गोपाळने विचारलं, घरी काही बोलले का गुरुजी. न्हाई, ती म्हणाली. मग आमच्या मायचं काही कानावर आलं का. न्हाई. मग काय झालं, काल परवापर्यंत तर सप्टेंबरचं बोलायली होतीस. धम्मशीलेने तोंड उघडलं. पान उलटं आलं म्हणून, असं गोपाळला सांगता येणार नव्हतं. धम्मपाल गुरुजींच्या मुलीला तर कुणालाच सांगता येणार नव्हतं. मग जिभेवर दुसरं जे पहिलं आलं ते तिने सांगितलं.

“मला हितंच राहायचंय, गोपाळ. तीन वर्षांची जागा भेटलीय. महिना झाला.”

वाक्य बाहेर पडलं आणि तिला ते ऐकू आलं. हे कुठल्याच पानावर नव्हतं. हे तिचं होतं, तयार, व्याकरणासकट, कितीतरी दिवसांपासून आत ठेवलेलं.

“महिना,” गोपाळ म्हणाला. मग थोडा हसला, खाली बघूनच हसला असणार. “मी सकाळधरून इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय. म्हनलं तात्यापुढं बोलायचंय तर नीट दिसावं. माय इचारायली, उद्या पाहुणे आन् आजच कामून नटलास.”

तो म्हणाला की मामा यायला अजून वीस मिनिटं आहेत, तोवर तो गच्चीवरच आहे. त्यात मन बदललं तर बोलायचंही काम नाही, नुसता एक मिस कॉल दे, मी समजीन. एवढं बोलून त्याने मोठा श्वास सोडला. त्या श्वासात दुःख किती होतं आणि सुटका किती, हे धम्मशीलेने फोन ठेवल्यावरही कान लावून मोजायचा प्रयत्न केला. तात्यारावांसमोर उभं राहून तिचं नाव घ्यायचं, आडनावासकट घ्यायचं, हे त्याला पाच वर्षं जमलं नव्हतं. आज जमणार होतं, किंवा कदाचित आजही दारापर्यंत जाऊन जमलं नसतं. आता ते त्याला कळणारच नव्हतं. शर्ट इस्त्रीचा होता, एवढं खरं. आयुष्यभर तो स्वतःला सांगू शकत होता की मी तयार होतो. ती भेट तिने त्याला दिली होती, आणि बदल्यात त्याने तिला वीस मिनिटं दिली होती.

निकिता आली तेव्हा त्यातली सात गेली होती. कपड्यांचा गठ्ठा तिने पलंगावर टाकला, टेबलाकडे पाहिलं, आणि रागावण्याऐवजी गोंधळली.

“ही उलटी कशी आली?”

धम्मशीलेला प्रश्न कळला नाही. आली म्हणजे आली. निकिता म्हणाली, येऊच शकत नाहीत. मी उलटी पानं वाचतच नाही, कितीतरीजण वाचत नाहीत. मी प्रत्येक वेळी कॅट सुलटा लावून ठेवते, वरून वरून पिसलं तर एकही पान फिरत नाही. टेबलावर पसरून घोळलास का? नाही. कापताना एखादा गठ्ठा फिरवलास का? नाही. पिशवीतून काढताना नाडी? नाडी वरच होती. निकिताने कॅटवरचं चौथं पान पालथंच तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, उघड बरं. धम्मशीलेने आपल्याकडची कड दोन बोटांनी उचलली आणि पान पलीकडे टाकलं. तलवार धरलेला एक घोडेस्वार, डोक्यावर.

निकिता खुर्चीत बसली. “अगं बये,” ती हळू म्हणाली, “भाकर उलथल्यासारखं काय उलथतीस? वहीचं पान उलटावं तसं बाजूनं उलटायचं. तू खालचं टोक वर नेतीस. सगळीच उलटी येणार.”

धम्मशीलेने आपल्या हाताकडे पाहिलं. पिंगळीच्या चुलीपुढे वयाच्या दहाव्या वर्षापासून आईने या बोटांना शिकवलं होतं: कड पोळायच्या आत उचलायची, आपल्यापासून लांब टाकायची, अंगावर कधी आणायची नाही. जगात जे काही पालथं समोर येतं ते याच रीतीने उलथायचं, हे बोटांनी ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. कुणीही तंबी दिली नव्हती. कुणी मेहनत घेतली नव्हती. निकिताने एकेक पान धरून फिरवलं. मुलाने मुलीला फुलं दिली. दोघांनी प्याले पुढे केले. मांडव उभा राहिला आणि दोघीजणी गुच्छ उंचावून सामोऱ्या आल्या. पाकिटावरचे शब्द निकिताने आता वाचले, आणि विचारलं, गोपाळचं का? धम्मशीलेने होकारार्थी मान हलवली. निकिता म्हणाली, मग हे तर किती चांगलं आलंय. तिन्ही लहान पानं आलीत, एकही मोठं नाही, म्हणजे आपल्याच हातातली गोष्ट. धम्मशीलेने तिला फोन झाल्याचं सांगितलं, काय बोलली ते सांगितलं, आणि मिस कॉलचं सांगितलं. निकिताने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं होती.

लाव, असं निकिता म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. बोलायचं पण नाही ना, नुसतं एकदा वाजवायचं. धम्मशीलेने फोन हातात घेतला. गोपाळचं नाव सगळ्यात वर होतं; अंगठा ठेवला की झालं. तिने डोळ्यांपुढे गच्ची आणली, इस्त्रीचा शर्ट आणला, त्याचं खाली बघून हसणं आणलं. मग तिने तीन पानांकडे पाहिलं, सुलटी, प्रसन्न, लग्नाच्या चित्रांसारखी, आणि तिला त्यांचा राग आला. ती सुलटी आली असती तर? तर तिने पुस्तिका उघडली असती आणि त्यातही दुसरं वाक्य शोधलं असतं. सहा प्याल्यांत तिला तो पाठ फिरवून चाललेला पहारेकरी दिसला असता. दोन प्याल्यांत साप दिसले असते. मांडवामागच्या वाड्याची भिंत दिसली असती, आत जायला दार नसलेली. पोटातली ती सैल झालेली गाठ दुसऱ्या पानाला सुटली होती, आणि ते दुःख नव्हतं. ही गोष्ट तिला आता इतकी स्पष्ट कळली की हीटरचा खडखडाटही थांबल्यासारखा वाटला. तिला पाथरीच्या उंबऱ्याची भीती होती हे खरं. पण त्या भीतीच्या मागे, तिच्या आडोशाला, खिडकीजवळचं ते टेबल होतं, आणि ते तिला हवं होतं. दगडाबाईंनी रुमालात हुरडा बांधला हा अन्याय होता. तो अन्याय तिने पाच वर्षं जपून ठेवला होता आणि आज त्याला कामाला लावलं होतं, हे मात्र तिचं स्वतःचं होतं. निकिता तिच्याकडे पाहत होती. नऊ मिनिटं. सहा. निकिताने कपड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. एकेक मोजा शोधून जोडी लावताना ती मुद्दाम वर पाहत नव्हती. दोन. धम्मशीलेने फोन पालथा टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला, झाकण ठेवावं तसा. खिडकीबाहेर एक म्हातारा कुत्र्याला बूट घालून फिरवत होता.

तीन वाजायला दहा मिनिटं असताना हाताखाली फोन थरथरला. गोपाळचा निरोप, एकच शब्द: ठरलं.

निकिताने तो वाचला, पानं गोळा केली, सुलटी लावली आणि पिशवीत घातली. रडू कुणालाच आलं नाही. धम्मशीलेने प्राध्यापिका बाईंना पत्र लिहायला घेतलं, आणि पहिल्या ओळीनंतर थांबून, हिशेब जुळतो का, हे पाहू लागली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यासाठी तिने एक महिना गप्प बसण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. पुढे कधी द्यावं लागेल असं वाटत होतं, पण आज तर नव्हतं. गोपाळला घर राहिलं, दुकान राहिलं, तात्यारावांसमोर उभं राहण्याचा तो एक क्षण टळला, आणि वर आपण फसवले गेलो हे दुःख मिळालं, जे त्याला पुष्कळ वर्षं पुरणार होतं. दगडाबाईंनी चार मुठी हुरडा दिला होता, तोही पाच वर्षांपूर्वी. फोटो होता तिच्याकडे, गोपाळनेच आठवड्यापूर्वी हसत हसत पाठवलेला: राजेश्री, मानवतच्या कुठल्याशा फोटोस्टुडिओत, कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, मान किंचित वाकडी कारण फोटोवाल्याने तशी करायला सांगितली असणार. या वेळी राजेश्रीच्या घरी उद्याच्या पोह्यांसाठी शेंगदाणे निवडले जात असतील. ती काकूकडून आणलेली साडी अंगावर लावून पाहत असेल, आणि मुलगा बोलका आहे, दुकान चांगलं चालतं, एवढं तिला सांगितलेलं असेल. तिला कुणी प्रश्न विचारला नव्हता, तिच्या नावाने पान काढलं नव्हतं, तिला वीस मिनिटं दिली नव्हती. सगळ्यांचं मिळून जे काही द्यायचं राहिलं होतं, ते ती उद्यापासून, रोज थोडं थोडं, कशाचं आहे हे न कळता, देणार होती.